बिनशाईचा सांधा

माझे आजोबा फिल्मला ओठ लावत. फिल्मचा तुकडा हातात आला की त्याचं टोक खालच्या ओठावर हलकेच टेकवायचं आणि उचलायचं. ओठाला किंचित चिकटलं तर ती मसाल्याची, म्हणजे चित्र उमटलेली बाजू. नाही चिकटलं तर ती गुळगुळीत, काचेची बाजू. प्रकाशात धरून, डोळे बारीक करून बघत बसणाऱ्या लोकांची त्यांना कीव यायची. "ओठाक विचार. ओठ खोटा बोलाचो नाय," असं ते मला सांगत. आईला हा प्रकार अजिबात आवडत नसे. कुठकुठून आलेली ती फिल्म, कुणाकुणाचे हात लागलेली, आणि हे म्हातारपणी तिचे मुके घेत बसतात, असं ती म्हणायची. आजोबा हसायचे आणि दुसरा तुकडा उचलायचे.

गोविंद आजोबा बत्तीस वर्षं लालबागच्या एका थेटरात ऑपरेटर होते. मूकपट त्यांनी हाताने मशीन फिरवून दाखवले होते, मग बोलपट आले तसे तेही शिकले. पडद्यावर कोण नट आणि कोण नटी याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. एखादा बोलपट त्यांनी शंभर वेळा दाखवला असेल, पण त्याची गोष्ट विचारली तर म्हणायचे, "तिसऱ्या रिळात शेवटाक पाच सांधे. पाचवा बरा." माझ्या लहानपणी ते निवृत्त झाले आणि नायगावच्या बीडीडी चाळीतल्या आमच्या खोलीत, खिडकीजवळच्या ट्रंकेवर बसू लागले. ट्रंकेत एक पत्र्याची पेटी होती. पेटीत खुंट्या असलेली पितळी पट्टी, अर्धं ब्लेड, लहान ब्रश, फिल्म चिकटवायच्या सिमेंटची बाटली, काळ्या शाईची दौत आणि वितीवितीभर फिल्मचे तुकडे. घरातल्या कुणालाही त्या पेटीला हात लावायची परवानगी नव्हती. बारा वर्षांची झाले तेव्हा ती मला मिळाली.

मलाच का, याचं उत्तर त्यांनी वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळं दिलं. बाबा गिरणीतून दमून येत, त्यांना म्हणाले, पोरीचा हात हलका आहे. आईला म्हणाले, शिवण शिकते तसं हेही शिकेल. मला म्हणाले, "तुझे डोळे बरे आसत." त्या वाक्यात किती काय होतं ते मला पुढे कळलं. तेव्हा मी फक्त खूश झाले.

शिकवणं मात्र कडक होतं. आधी त्यांनी मला फिल्म वाचायला शिकवली. दोन्ही कडांना भोकं, एका फ्रेमला चार. सेकंदाला चोवीस फ्रेम मशीनमधून जातात. चित्राच्या एका बाजूला एक बारीक नागमोडी पट्टी असते, तो आवाज. मशीनमध्ये एक छोटा दिवा त्या पट्टीतून पलीकडे प्रकाश टाकतो, पलीकडचा डोळा तो कमीजास्त होणारा प्रकाश पकडतो आणि त्याचाच कर्ण्यातून आवाज होतो. हे कळल्यावर मी दोन दिवस तुकडे खिडकीशी धरून कुणी बोलतंय का ते बघत होते.

मग सांधा. फाटलेली फिल्म जोडायची तर आधी दोन्ही टोकं नीट कापायची. एक टोक दोन फ्रेमच्या मधल्या रेघेवर, दुसरं त्या रेघेच्या जरासं पुढे, म्हणजे एकावर एक बसवायला जीभ राहते. त्या जिभेवरचा मसाला ओलसर करून ब्लेडने खरवडायचा. तो पूर्ण निघाला पाहिजे, कारण सिमेंट मसाल्याला धरत नाही, खालच्या फिल्मला धरतं. "सगळो मसालो निघाक होयो. एक ठिपको रवलो तरी सांधो सुटतलो," हे वाक्य मी शेकड्याने ऐकलं असेल. मग दुसऱ्या टोकाची काचेची बाजू नुसती पुसल्यासारखी घासायची, ब्रशने सिमेंटचा एकच हात फिरवायचा आणि पितळी पट्टीच्या खुंट्यांवर भोकावर भोक बसवून दाबायचं. सिमेंटला पिकल्या केळ्यांसारखा वास येई. वीस आकडे मोजेपर्यंत बोट उचलायचं नाही. पहिल्या महिन्यात माझे सगळे सांधे त्यांनी हातात घेऊन, दोन्हीकडून पिळून, टर्रकन सोडवून दाखवले. मी रडले. ते म्हणाले, "आता रड, थेटरात लोक रडवतले."

शेवटचा भाग शाईचा. सांध्याची आडवी रेघ आवाजाच्या पट्टीवर आली की तिथे प्रकाश एकदम अडतो आणि कर्ण्यातून टप् असा आवाज येतो. तो येऊ नये म्हणून सांध्यावर, फक्त आवाजाच्या पट्टीपुरता, काळ्या शाईचा लहानसा त्रिकोण काढायचा. प्रकाश मग एकदम न अडता हळू कमी होतो, हळू वाढतो आणि कानाला काही कळत नाही. आजोबांच्या मते शाई न लावता सांधा सोडणारा ऑपरेटर म्हणजे बटणं न लावता ऑफिसात जाणारा माणूस. "सांधो दिसाक नको, ऐकाक नको," हा त्यांचा धर्म होता. हा धर्म मी घोकून घेतला. वर्षभरात माझा सांधा त्यांच्या पिळण्याला टिकू लागला आणि माझा त्रिकोण त्यांच्यापेक्षा नेटका येऊ लागला. तसं मी बोलूनही दाखवलं. मी तशी आगाऊच होते.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. चाळीत रोज सभा, प्रभातफेऱ्या, भिंतींवर चुन्याने लिहिलेल्या घोषणा. आजोबांच्या जागी थेटरात लागलेला बाबल, आजोबांनीच तयार केलेला, सत्याग्रहात धरला गेला आणि तुरुंगात गेला. तुरुंगात गेलेल्यांच्या घरच्यांसाठी एका रविवारी सकाळी चित्रपटाचा एक खेळ करायचं समितीच्या लोकांनी ठरवलं. थेटरच्या पारशी मॅनेजरांनी थेटर द्यायचं कबूल केलं, पण त्या दिवशी मशीनवर कोण उभं राहणार हा प्रश्न होता. समितीचे परबकाका आमच्याकडे आले.

"गोविंदराव, तुमच्याशिवाय कोण नाय. बाबलची बायको पोरांना घेऊन येणार आहे. तुम्ही नाय म्हटलंत तर खेळ रद्द."

आजोबा लगेच तयार झाले नाहीत. मला वाटलं, वयामुळे. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ही माझ्या वांगडा येतली. रिळां हातात देऊक कोण तरी होया."

आईने विरोध केला. मुलीची जात, थेटरात, तेही वरती केबिनमध्ये. आजोबांनी तिला एकच सांगितलं, की केबिनला बाहेरून कडी घालता येते. यात आईचं समाधान कसं झालं ते मला अजून कळलेलं नाही, पण झालं.

शनिवारी दुपारी आम्ही थेटरात गेलो. पत्र्याच्या डब्यांतून चित्रपट आला होता. सात मोठी रिळं, प्रत्येक वीसेक मिनिटांचं. केबिनशेजारच्या लहान खोलीत फिल्म गुंडाळायचं टेबल होतं. मी हँडल फिरवायची आणि आजोबा चालत्या फिल्मची कड अंगठा आणि बोट यांत धरून बसायचे. डोळे मिटलेले. तुटलेलं भोक, सुटू पाहणारा सांधा, सगळं त्यांना बोटांनी कळायचं. "थांब," म्हणत, आणि मी बघितलं की तिथे खरोखरच काहीतरी असे. मला ते कौतुकाचं वाटलं. बोटांनी काम करतात, ते डोळ्यांनी का करत नाहीत, असा विचार मनाला शिवलाही नाही.

प्रत्येक रिळाच्या शेवटी चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात दोन ठिकाणी गोल ठिपके असतात. थेटरात दोन मशीन असतात. एक रीळ संपत आलं की पहिला ठिपका पडद्यावर चमकतो, तेव्हा दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. त्यानंतर सात सेकंदांनी दुसरा ठिपका येतो, तेव्हा या मशीनच्या प्रकाशापुढची झडप बंद आणि त्या मशीनची उघडी. हे बरोबर झालं तर खाली बसलेल्यांना रीळ बदललं हे कळतसुद्धा नाही. ठिपका फक्त चार फ्रेम असतो, पापणी लवली तर गेला.

सहाव्या रिळापर्यंत आजोबांनी माझ्याकडून एक चमत्कारिक काम करून घेतलं. पहिला ठिपका कुठे आहे ते मला विचारायचे आणि त्याच्या आधी वीस फ्रेम मोजून, तिथे चांगली फिल्म कापून, पुन्हा जोडायला लावायचे.

"इथे तर काही फाटलेलं नाही," मी म्हटलं.

"कमजोर असा. काप."

मी कापून जोडलं, सांधा दाबला आणि शाईची दौत उघडली. आजोबांनी माझं मनगट धरलं.

"ह्येका शाई नको."

"का?"

"मी सांगतंय म्हणान."

सहाही रिळांना तसंच. सातव्यानंतर बदलायचं काही नव्हतं, म्हणून त्याला काही केलं नाही. सहा उघडे सांधे, तेही आजोबांच्या नावावर लागणार असलेले. घरात अलीकडे ते बऱ्याच गोष्टी विसरत, असं सगळे म्हणायचे. चहाचा कप शोधायचे, माझ्याकडून पेपर वाचून घ्यायचे, ओळखीचा माणूस स्वतः बोलेपर्यंत त्याला हाक मारायचे नाहीत. मला वाटलं, शाईचं महत्त्वही ते विसरले असणार. म्हाताऱ्या माणसाला तोंडावर चूक दाखवू नये, हे मला कुणीतरी शिकवलेलं होतं. ते मॅनेजरांशी बोलायला बाहेर गेले तेव्हा मी सहाही रिळांची शेवटं पुन्हा काढून, एकेका सांध्यावर सुरेख काळा त्रिकोण काढला. फुंकर मारून वाळवला. रिळं होती तशी गुंडाळून ठेवली. उद्या कुणाला एकही टप् ऐकू येणार नाही, या विचाराने मला रात्री छान झोप लागली.

रविवारी थेटर भरलं. केबिनच्या छोट्या काचेतून मी बाबलची बायको शोधत होते. आजोबांनी दोन्ही मशीनमधल्या कार्बनच्या कांड्या बोटांनी चाचपून बसवल्या, पहिल्या मशीनचा कांड्यांमधला प्रकाश पेटवला आणि पहिलं रीळ सोडलं. केबिनमध्ये त्यांचा एक कायदा होता. रीळ बदलण्याच्या वेळी कुणीही तोंड उघडायचं नाही. उभं राहायचं, श्वाससुद्धा हळू घ्यायचा.

अठरा-एकोणीस मिनिटं झाली. त्यांनी दुसऱ्या मशीनचा प्रकाश पेटवला, एक हात मोटरच्या बटणावर, दुसरा झडपेच्या दांड्यावर. मान केबिनमधल्या लहान कर्ण्याकडे कललेली. पडद्यावर बाई विहिरीवर उभी होती. उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकला. मी बघितला. आजोबांचा हात हलला नाही. मी त्यांच्याकडे बघितलं. ते ऐकत होते. दुसरा ठिपका चमकला, आणि तरीही ते ऐकतच होते, लहान मूल हाकेची वाट बघतं तसे. मग बाई गेली, विहीर गेली आणि पडदा पांढराफटक झाला.

खालून शिट्ट्या, टाळ्या, "ए ऑपरेटर!" अशी ओरड. आजोबांनी मोटर सुरू केली. त्या गोंधळातसुद्धा त्यांनी ओठांतल्या ओठांत सात मोजले आणि मगच झडप उघडली, कारण आधी उघडली असती तर रिळाच्या सुरुवातीचे आकडे पडद्यावर नाचले असते. चित्र परत आलं. लोक शांत झाले. बत्तीस वर्षांत त्यांच्या हातून पडदा पांढरा झालेला हा पहिला प्रसंग, हे मला त्यांच्या बाकीच्या आयुष्याइतकंच पाठ होतं.

"शाई लावलंस?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा.

मी मान डोलवली. मग लक्षात आलं की मान डोलवून उपयोग नाही. "हो," म्हटलं.

आणि त्या क्षणी मला सगळं उलगडलं. त्यांनीच शिकवलं होतं, मशीनमध्ये फिल्म आधी चित्राच्या खिडकीसमोरून जाते आणि वीस फ्रेम पुढे गेल्यावर आवाजाच्या दिव्यासमोर येते. ठिपक्याच्या वीस फ्रेम आधी घातलेला सांधा ठिपका पडद्यावर चमकतो नेमक्या त्याच क्षणी टप् वाजणार होता. त्यांना ठिपका दिसणारच नव्हता. ते तो कानांनी बघणार होते आणि पुढचे सात सेकंद मोजणार होते. आपला धर्म मोडून, सहा उघडे सांधे सोडून, त्यांनी स्वतःसाठी एक वाट काढली होती आणि मी ती नेटकेपणाने, त्रिकोण काढून, बुजवली होती. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती, आणि कुणाबद्दल इतकी मायाही कधी वाटली नव्हती.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"दोन वर्सां झाली. मोतीबिंदू असतलो. मोठा काय ता दिसता, बारीक दिसणा नाय." पहिल्या मशीनमधून संपलेलं रीळ काढून त्यांनी तिसरं रीळ बोटांनी ओवायला घेतलं. मशीनच्या चाकाचा एकही दात भोकाबाहेर राहिला नाही. "तुझ्या आयशीक सांगा नको. घरातसून बाहेर सोडूची नाय."

"मी बाकीच्यांची शाई पुसते. ओल्या फडक्यानं निघेल. हे चालू आहे त्याची नाही निघणार, पण पुढच्यांची..."

"नको."

"मग?"

त्यांची बोटं फिल्मवर थांबली. दुसऱ्या मशीनच्या कार्बनचा सूं सूं आवाज तेवढा चालू होता. एवढ्या वर्षांत त्यांनी केबिनमध्ये कुणाची मदत मागितलेली नव्हती, आणि ते शब्द त्यांना सापडत नव्हते, हे मला दिसत होतं.

"तू बघ," ते शेवटी म्हणाले. "माका सांग."

"मी बोलू? बदलताना?"

"बोल."

दुसऱ्या रिळाच्या शेवटी मी काचेला नाक लावून उभी राहिले. पापणी लवू दिली नाही, डोळ्यांतून पाणी आलं तरी. ठिपका चमकला. "आला!" मी ओरडले. मोटर सुरू झाली. दुसरा चमकला. "आत्ता!" दांडा खटकन फिरला. पडद्यावर माणूस दारातून आत आला तो पुढच्या रिळात, आणि खाली एकाही माणसाला काही कळलं नाही. आजोबांनी माझ्या डोक्यावर कार्बनच्या काजळीचा हात ठेवला. आईने संध्याकाळी ती काजळी धुताना मला खूप बोलणी घातली.

तिसरा बदल, चौथा, पाचवा, सगळे तसेच बिनचूक झाले. सहाव्याला त्यांनी माझा हात उचलून दांड्यावर ठेवला आणि आपण एक पाऊल मागे सरकले. "ह्यो तू कर. सांगूची गरज नाय." मी केला. तो माझ्या आयुष्यातला एकमेव. मला तो अजून हातात जाणवतो.

खेळ संपल्यावर मॅनेजर वर आले. चांगला माणूस, पण चिडले होते.

"गोविंदराव, पहिल्या रीलला काय झाला? इतना टाइम सफेद पडदा? तुमच्या हातून?"

मी पुढे झाले. "माझी चूक झाली. मी सांध्याला..."

"पोरीची काही चूक नाही, साहेब," आजोबा म्हणाले. मालवणी सोडून ते बाहेरच्यांशी बोलायचं तसं, नीट सावकाश बोलत होते. "तिचे सांधे बघून घ्या. त्यात चूक काढून दाखवा. माझे डोळे गेलेत. दोन वर्षं झाली. मी कुणाला सांगितलं नाही. पहिला बदल मी केला, नंतरचे पाच तिने केले."

मॅनेजरांनी आजोबांच्या डोळ्यांकडे बघितलं, बहुधा पहिल्यांदाच नीट, आणि मग माझ्याकडे. खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं आणि खाली निघून गेले. जे सांगायला आजोबा दोन वर्षं कचरत होते, ते त्यांनी माझ्यावरचा ठपका टाळायला एका वाक्यात सांगून टाकलं. माझ्यासाठी कुणी कधी याहून मोठं काही केलेलं नाही, असं मी आज वयाच्या या टोकावर सरळ लिहिते.

आजोबा नंतर पाच वर्षं जगले. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, ते अर्धंमुर्धं साधलं. पण ते पुन्हा केबिनमध्ये गेले नाहीत. बाबल सुटून आला तेव्हा घरी येऊन पाया पडला आणि त्यांनी त्याला वीस फ्रेमची गोष्ट स्वतः, हसत हसत सांगितली. मी ती त्यांच्या तोंडून तेव्हा ऐकली आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिले.

मला ते आठवतात मात्र त्या रविवारचेच. केबिनमधून खाली येणारा जिना लोखंडी, अरुंद आणि उभा होता. बत्तीस वर्षं ते तो एकटे, खांदे ताठ ठेवून, झरझर उतरलेले. त्या दिवशी ते वरच्या पायरीवर थांबले. मी पत्र्याची पेटी घेऊन त्यांच्या पुढे होते. मला वाटलं, धाप लागली असेल. मागे वळून बघितलं तर त्यांचा हात हवेत पुढे आलेला होता, आणि तो मला शोधत होता.

"गो कुंदा," ते म्हणाले, "पायऱ्यो मोज. मोठ्यान मोज."

मी पेटी काखेत मारली, त्यांचा हात धरला आणि मोठ्याने मोजू लागले.